सुईचा ताप, गुरुवारपर्यंत

आमच्या घरात बाईमाणसाचं आजारपण धारेच्या वेळेपर्यंतच चालतं. सकाळी कणकण आली तर तिने संध्याकाळच्या धारेआधी निघून जावं, रात्री आली तर पहाटेच्या आधी. गाई काही कुणाचं दुखणं बघून थांबत नाहीत आणि आमचे पुरुष गाईंना शिवत नाहीत. म्हणजे विकत घ्यायला शिवतात, विकायला शिवतात, पोळ्याला शिवतात. धार काढायला शिवत नाहीत.

त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी माझे सासरे हौसराव हातात चहाचा कप घेऊन सासूबाईंच्या उशाशी बसलेले दिसले, तेव्हा मला वाटलं, बाई गेली.

बाई गेली नव्हती. बाईला म्हणजे आमच्या सारजाबाईंना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं, आणि त्या इंजेक्शनने जे करायचं तेच तिच्या अंगात चाललं होतं. थोडा ताप, थोडी मरगळ आणि खांद्याखाली ठणका. एवढ्यासाठी मामांनी चहा केला होता. (सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूला आत्या.) साखर कुठे असते ते माहीत नसल्यामुळे चहात गूळ होता आणि दूध फाटलं होतं, पण केला होता.

मी या घरात येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. यवतसारख्या हायवेवरच्या गावातून न्हावऱ्याजवळच्या या वाडीत आले आणि इथेच दोन बाळंतपणं झाली. दोन्ही वेळी हेच इंजेक्शन मी घेतलं. दुसऱ्या दिवशी हात वर होत नव्हता, अंग मोडून आलं होतं. तेव्हा मामांनी उंबऱ्यातून विचारलं होतं, "आज भाकऱ्या जाड का झाल्यात?" आत्याने मात्र काही न विचारता काटवट स्वतःकडे ओढली आणि मला म्हणाली, "जा, पड जरा. उद्या ऱ्हातंय समदं." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ताप गेला, त्याच्या पुढच्या दिवशी हातही सुटला. त्या एका वाक्यासाठी मी आत्याचं सगळं ऐकून घेत आले आहे, आणि ऐकून घेण्यासारखं ती बरंच बोलते.

तर मामांना अचानक एवढी माया का फुटली, ते सांगते.

आमच्या वाडीची दूधसंस्था आहे. संचालक नऊ. त्यातल्या दोन जागा बायकांसाठी राखीव, म्हणून मामांनी त्यातली एक घरात आणली. आणली म्हणजे आत्याचं नाव दिलं. मीटिंगला मामा जायचे, चहा-भजी मामा खायचे, आणि प्रोसिडिंग बुक घरी आलं की आत्या शेणाचे हात धुऊन त्यावर सही करायची. चार वर्षं असं सुरळीत चाललं. मग चेअरमन वारले, त्यांची संचालकाची जागा भरली गेली आणि नवीन चेअरमन निवडायची वेळ आली. एका बाजूला बबनराव. गळ्यात सोन्याची चेन, दारात जीप, आणि संस्था म्हणजे आपलं घरचं खळं असा समज. दुसऱ्या बाजूला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, रतनबाई उभी राहिली. धनगरवस्तीवरची. तिच्या सासऱ्यापर्यंत मेंढरं होती. ती आणि तिचा नवरा मल्हारी यांनी मेंढरं विकून गाई घेतल्या, आणि आता वाडीत सगळ्यांत जास्त दूध तिचंच. बबनराव पारावर बसून म्हणाले होते, "मेंढरामागं फिरणाऱ्यांनी आता डेअरी चालवायची व्हय!" लोक हसले होते. मामा जरा जास्तच हसले होते.

रतनबाईचं म्हणणं एकच होतं. संध्याकाळचं दूध घेणं परत चालू करायचं. ते बबनरावांनी बंद पाडलं होतं, कारण तो टेम्पो त्यांच्या मेहुण्याचा, आणि मेहुण्याला संध्याकाळी कंटाळा यायचा. तेव्हापासून संध्याकाळची धार काढायची आणि दूध घेऊन बसायचं. विरजा, आटवा, नाहीतर रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला तो देईल त्या भावाने घाला. उन्हाळ्यात सकाळपर्यंत राहिलं तर नासलंच. धार पुरुष काढत नसल्यामुळे हा त्रास त्यांना कळला नव्हता. आत्याला कळला होता. तिने एका रात्री जेवताना, भाकरी वाढता वाढता सांगून टाकलं, "म्या रतनीला मत देणार हाय."

मामा आधी हसले. मग ओरडले. मग चार दिवस समजावलं. आत्या गप्प. आत्या बोलत असते तोवर तिचं मत बदलता येतं, ती गप्प बसली की संपलं, हे मामांना लग्नापासून ठाऊक आहे. आणि आमच्या संस्थेत निवड हात वर करून होते. म्हणजे हौसरावांची बायको भर मीटिंगमध्ये, निवडणूक घ्यायला येणाऱ्या शिरूरच्या साहेबासमोर, हौसरावांनी शब्द दिलेल्या माणसाविरुद्ध हात वर करणार. बबनरावांकडे चार हात, रतनबाईकडे चार. नववा आत्याचा. आत्या आलीच नाही तर चार-चार, आणि मग चिठ्ठी. चिठ्ठीची बबनरावांना अजिबात काळजी नव्हती, कारण चिठ्ठ्यांची घडी घालणारा संस्थेचा सेक्रेटरी त्यांचा भाचा. निवड गुरुवारी होती.

आणि सोमवारी आत्याची पोटरी गोठ्याच्या गंजक्या तारेत अडकून फाटली.

मामा घरी नव्हते. बबनरावांबरोबर न्हावऱ्याला गेले होते, प्रचाराला. नऊ मतदारांचा प्रचार, पण तोही हॉटेलात बसूनच करावा लागतो. आत्याने हळद भरून फडकं बांधलं आणि कडबा टाकायला निघाली. मी तिला ओढत वडापच्या जीपमध्ये घातली आणि न्हावऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी हळद धुऊन काढली, जखम साबणाने स्वच्छ केली, पट्टी बांधली आणि विचारलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन याआधी कधी घेतलंय?"

"धाकट्या पोरीच्या येळी दोन घेतली. मागून इळा लागला तवा एक."

"त्याला किती वर्षं झाली?"

"तवा पोरगी रांगत हुती. आता तिला दोन पोरं हायत."

"मग बूस्टर द्यायलाच पाहिजे," बाई हसून म्हणाल्या. "आधीच्या इंजेक्शनांचा जोर इतकी वर्षं पुरत नाही. शरीराला परत आठवण करून द्यावी लागते."

नर्स सुई भरून आली. "कमी कामाचा हात पुढं करा मावशी. उद्या दुखेल."

आत्याने दोन्ही हातांकडे पाहिलं. "कमी कामाचा हात न्हाई बया माझ्याकडं."

"म्हणजे डावा द्या."

पण डावा हात कुणापुढे करायचा नसतो. आमच्याकडे देणं-घेणं उजव्या हाताने, मग ती साखर असो की सुई. आत्याने नर्सचं न ऐकता उजव्या दंडावरची चोळीची बाही वर सारली. नर्सलाही घाई होती.

तेवढ्यात मामा आत आले. दवाखान्यासमोरच्या हॉटेलातून त्यांनी आम्हाला आत शिरताना पाहिलं होतं. भज्यांचं तेल अजून मिशीला होतं. डॉक्टरबाई मला समजावत होत्या, "हे बघा, आज रात्रीपासून दंड दुखायला लागेल. थोडा सुजेल, लाल होईल, गरम लागेल. उद्या अंगात कणकण येईल, थकवा वाटेल. घाबरू नका, शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे. ताप एक-दोन दिवसांत जातो. हात फार तर तीन दिवस दुखतो, एखाद्याचा थोडा जास्त. चोळायचा नाही, शेकायचा नाही. गार पाण्याची घडी ठेवा, तापाला ही गोळी द्या आणि हात हळूहळू हलता ठेवा. खूप ताप चढला, किंवा तीन दिवसांनीही उतरला नाही, किंवा सूज वाढतच गेली, तर मात्र परत आणा."

एवढ्या सगळ्यातून मामांच्या कानांनी दोनच शब्द उचलले. "तीन दिस?"

"फार तर," बाई म्हणाल्या.

मामांनी बोटं मोजली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तिसऱ्या बोटावर आले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. ते आत्याकडे वळून म्हणाले, "लई दुखलं का गं?"

आत्या दचकली. सुई टोचताना दचकली नव्हती.

तर असा तो मंगळवारचा फाटलेला चहा. डॉक्टरबाईंनी सांगितलं तसंच सगळं झालं. रात्री दंड ठणकायला लागला, सकाळी अंग कढत लागलं. थर्मामीटर लावला तर शंभरच्या जरा वर. आत्या गोळी घेऊन पडून राहिली. मला एवढंच नवल वाटलं की तिला पडू दिलं. मामा अंगणात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "बेजार झालीय. डॉक्टर म्हणलं, तीन दिस हलवायचं न्हाई." डॉक्टर असं म्हणाल्या नव्हत्या. पण मामांनी त्या तापाला गुरुवारपर्यंतचा हुकूमच दिला होता आणि तो पाळला जाईल याबद्दल त्यांना शंका नव्हती.

आमच्या वाडीत कुणी आजारी पडलं की भेटायला जावं लागतं. दुपारपर्यंत घर भरलं. शेजारची साखरबाई आली आणि आत्याच्या दंडावर गरम वीट ठेवायला निघाली. तिला मी अडवलं. बिस्किटांचे पुडे आले, केळी आली. संध्याकाळी बबनराव स्वतः आले, द्राक्षांची पेटी घेऊन. माणूस मयताला जाताना करतो तसा चेहरा.

"वहिनी, काय ही अवस्था!" ते म्हणाले.

"सुई टोचली भावजी," आत्या म्हणाली. "हुतं असं."

"असं कसं हुतं? ताप डोक्यात जातो कधीकधी. जबडा तर धरला न्हाई ना? जबडा धरला की माणूस संपला बघा."

आत्याने द्राक्षांचा घोस उचलला, त्यातली चार तोंडात टाकली आणि चावून दाखवली. "न्हाई धरला."

बबनराव मामांना घेऊन बाहेर गेले. मी गोठ्यात धार काढत होते, आणि गोठ्याच्या पत्र्याला कान नसले तरी मला आहेत.

"हौसराव, गुरवारपतुर टिकंल ना ताप?"

"डॉक्टरनं सांगितलंय. तीन दिस म्हंजी तीन दिस."

"बगा बरं. आधीच बरं वाटलं तर?"

"बरं कसं वाटंल? सरकारी डॉक्टर हाय ती. खोटं बोलंल व्हय?"

सरकारवर मामांचा इतका विश्वास मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. रेशनच्या गव्हावरून त्यांनी याच सरकारची सात पिढ्यांची उणीदुणी काढली होती.

बुधवारी सकाळी ताप उतरला. आत्या पहाटे उठली, गाईंपुढे आंबोण ठेवलं आणि चुलीपुढे बसली. उजवा दंड अजून दुखत होता. भाकरी थापताना ती दातओठ खात होती आणि हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता, पण डोळे स्वच्छ होते आणि तोंडाचा पट्टा चालू झाला होता. पीठ जाड दळलंय, लाकडं ओली आहेत, मी झोपाळू आहे. मला इतकं बरं वाटलं!

मामा उठून आले आणि बघतच राहिले.

"तू का उठलीस?"

"मग काय दिवस बुडूस्तवर पडू? ऱ्हायला ताप."

"आसं कसं ऱ्हायला? आज बुधवार हाय!"

त्यांनी मला थर्मामीटर आणायला लावला. लावला. साडेसत्त्याण्णव. परत लावा. तेच. दुसऱ्या काखेत लावा. तेच. मामांच्या कपाळाला घाम आला. घरात ताप भरलेला दिसत होता तो त्यांनाच. मग त्यांना वाटलं की थर्मामीटरच बिघडला असावा, आणि तो चालतो की नाही हे बघायला त्यांनी तो सरळ आपल्या गरम चहात बुडवला. पारा सर्रकन टोकाला गेला आणि खालची काच तडकली.

"बग!" मामा म्हणाले. "बिघडल्यालाच हाय."

एकशे आठच्या वर ताप असलेला चहा मी उकिरड्यापलीकडे खड्डा करून ओतला आणि कपही पुरला, कारण पारा पोटात जाऊ नये एवढं मला शाळेत शिकवलं होतं. आत्या भाकरी भाजत राहिली. पण मामांचं डोकं काही थांबेना. थोड्या वेळाने ते लगबगीने बाहेर पडले आणि बबनरावांच्या जीपमधून परत आले. पाठोपाठ गोठ्यामागे पुन्हा कुजबूज. या वेळी मी मुद्दाम तिकडे कडबा काढायला गेले.

"सकाळी आठलाच वहिनींना घेऊन निघू," बबनराव म्हणत होते. "दौंडला एक डॉक्टर हाय आपल्या वळखीचा. काय दुखत नसलं तरी सलाईन लावतो. दोन बाटल्या लावल्या की दुपार झाली. तवर आपलं काम हुतंय."

"आन् ती म्हणली, मला बरंय, तर?"

"म्हणू द्या. तुमी नवरा हाय का कोण? काळजी वाटती म्हणा."

मी कडबा तिथेच टाकला.  म्हातारीला दुखत असताना कधी एक गोळी आणून दिली नाही, आणि आता बरी असताना बाटल्या टोचायला निघाले! माझा नवरा रांजणगावच्या कंपनीत पाळीवर, तो शनिवारी येणार. मी कुणापुढे बोलणार होते? मी चुलीपाशी जाऊन आत्याला सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं, रागाने.

आत्याने ऐकलं. तव्यावरची भाकरी उलटली. "जीप कवा येतीय?"

"उद्या आठला."

"म्या बरी हाय म्हणून येतीय ना?"

"व्हय."

"मग म्या बरी न्हाई," आत्या म्हणाली. तिने हात धुतले, घोंगडी अंथरली, तिच्यावर आडवी झाली आणि घराबाहेर ऐकू जाईल असं कण्हली. "आई गं! सविते, गार पाण्याची घडी आण. आन् येताना ती द्राक्षं."

मामा धावत आले. "काय झालं?"

"परत भरून आलं वं. हात तर खांद्यापास्नं गळाल्यागत झालाय. डॉक्टरीण खरं सांगत हुती. गुरवारपतुर काय म्या हुभी ऱ्हात न्हाई."

मामांनी कपाळाला हात लावून बघितला. चुलीपुढून उठलेल्या बाईचं कपाळ गरम असणारच. त्यांनी सुटकेचा असा सुस्कारा सोडला की शेजारी ऐकू गेला असेल. "म्या म्हणलो हुतो की! पड, पड. काय लागलं तर सांग."

आत्याला बरंच काही लागलं. अर्ध्या तासाने चहा लागला. मग पाय चेपायला लागले, ते मामांनी चेपले, कारण मी मुद्दाम विहिरीवर गेले होते. मग पोपटी द्राक्षं नको, काळी हवी झाली. तीस वर्षांचं राहिलेलं आजारपण तिने त्या एका दिवसात काढून घेतलं. आणि संध्याकाळी तिने घोंगडीतून आवाज दिला, "सवितेच्या बी पाठीत उसण भरलीय. आज धार तुमी काडा."

हे मलाही नवीन होतं. पण मी लगेच कमरेवर हात ठेवला.

मामांनी धार काढली. वाडीत त्या दिवशी सिनेमा नव्हता तरी साखरबाईला करमणूक झाली. एका गाईने लाथ मारली, दुसरीने चरवी लवंडली. अंधार पडल्यावर मामा अर्धी भरलेली बादली घेऊन अंगणात आले, धोतर दुधाने भिजलेलं, बोटं आखडलेली, आणि मला विचारलं, "हे आता कुठं घालायचं?"

"कुठंच न्हाई मामा," मी म्हणाले. "संध्याकाळचं घेत न्हाईत."

"मग?"

"मग काय, ठेवायचं. सकाळपर्यंत नासलं तर वतायचं."

मामा बादलीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. पण ते म्हणाले, "झाकून ठेव, मांजर त्वांड घालंल," आणि बबनरावांना निरोप द्यायला गेले, की दौंडला जायची गरज नाही, सकाळी मीटिंगला फक्त मला न्यायला या.

गुरुवारी दहा वाजता मामा इस्त्रीचं धोतर नेसून निघाले. जाताना आत्याला म्हणाले, "उठू नगं." आत्या क्षीण आवाजात "बरं" म्हणाली. ते वळणाआड गेले, तशी ती उठली. ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. नेसताना उजवा हात वर घेतला आणि तोंडातून "स्स" निघालं.

"अजून दुखतंय?" मी विचारलं.

"वर नेला की दुखतंय जरा. ताप न्हाई, आन् मरगळ बी न्हाई. हात तेवढा बाकी हाय." तिने बोटं उघडमिट केली. "डॉक्टरीण म्हणली हुती त्ये. म्हणूनशान म्या काल घोंगडीत बी हलवत हुते. आखडला आसता तर आज तिकडं काय दाखवलं आसतं?"

पोटरीच्या जखमेमुळे ती जरा लंगडत होती. आम्ही पायीच गेलो. संस्थेच्या एका खोलीत नऊ खुर्च्या, शिरूरहून आलेले साहेब, टेबलावर फुलं. बाकीच्या बायकांनी बाहेर थांबायचं म्हणून मी खिडकीशी उभी राहिले. आम्ही पोचलो तेव्हा सेक्रेटरी हजेरी वाचत होता. "सौ. सारजाबाई हौसराव. आजारी. गैरहजर."

"हाय की," आत्या दारातून म्हणाली.

 मामा नवऱ्याच्या हक्काने कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. ते उठले, बसले, परत उठले. रतनबाईने उभं राहून आत्याला खुर्ची सरकवली. बबनराव सर्वांत आधी सावरले. "वहिनी, तुमी कशाला उठून आला? साहेब, बाईंना लई ताप हाय, धनुर्वाताची सुई दिलीय. शुद्धीत न्हाईत त्या. घरी पाठवा."

साहेबांनी आत्याकडे पाहिलं. "ताप आहे का बाई?"

"हुता. मंगळवारी. ऱ्हायला," आत्या म्हणाली. "सुईचा ताप मीटिंगची तारीख बगत न्हाई साहेब."

साहेब हसले आणि त्यांनी नावं पुकारली. बबनरावांच्या नावाला चार हात. मग रतनबाई. चार हात. मामा कोपऱ्यातून आत्याकडे असे बघत होते की मला क्षणभर त्यांची दया आली. आत्याने पदर कमरेला खोचला आणि उजवा हात उचलला. छातीपर्यंत सहज गेला. खांद्यापाशी अडला. तिचा ओठ दाताखाली गेला. माझाच दंड ठणकला खिडकीत.

"त्ये काय मत झालं न्हाई," सेक्रेटरी घाईने म्हणाला. "हात पुरता वर पायजे."

"दुखतंय वहिनी तुमाला," बबनराव कळवळून म्हणाले. "कशाला जीव खाताय? घ्या खाली."

मामाही बोलले. अगदी हळू. "अगं, दुखतंय तर ऱ्हाऊ दे की."

आत्याने त्यांच्याकडे मान वळवली. "दुखतंय," ती म्हणाली. "पर दुखत असताना काम करायला आजवर तुमी कवा नगं म्हणला हुता?"

आणि हात वर गेला. कोपर सरळ, बोटं छताकडे, बांगड्या दंडाकडे घसरल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिने पुसलं नाही.

"पाच," साहेब म्हणाले. "झालं बाई. घ्या हात खाली."

आत्याने घेतला नाही. तो तसाच वर धरून ती सेक्रेटरीच्या पेनाकडे बघत राहिली.

"आदी लिहू द्या त्याला," ती म्हणाली.